सपाट बोधचिन्हांसाठी प्रॉम्प्ट

सपाट बोधचिन्हांसाठी प्रॉम्प्ट म्हणजे मजकुरावरून चित्र तयार करणाऱ्या संगणकीय प्रतिमानाला दिलेली अशी लेखी सूचना, जिच्यात साधे सपाट आकार, मोजके रंग आणि व्हेक्टर चित्रासारखी स्वच्छ कडा यांची मागणी केलेली असते. बोधचिन्ह (लोगो) आणि आयकॉन यांच्यासाठी अशी सूचना विशेषतः दिली जाते. या पद्धतीने मिळणारे चित्र दिसायला व्हेक्टर चित्रासारखे असले, तरी त्याची घडण तशी नसते. छपाईच्या वेळी उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

या लेखात हा विषय एका कल्पित उदाहरणाच्या आधारे मांडला आहे. रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात पनवेल–रोहा लोहमार्गावर जिते हे स्थानक आहे. त्याच मार्गावरचे हमरापूर, जवळचे जोहे आणि स्वतः पेण शहर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. जिते येथील एका मूर्तिशाळेला स्वतःचे बोधचिन्ह हवे आहे असे समजू. ते मूर्तीच्या पाटाखाली रबरी शिक्क्याने उमटवायचे आहे, पुठ्ठ्याच्या खोक्यावर स्क्रीन पद्धतीने छापायचे आहे, रस्त्याकडेच्या फलकावर रंगवायचे आहे आणि व्हॉट्सॲपच्या गोल चौकटीतही बसवायचे आहे.

== सपाटपणाची गरज ==

मोजक्या रंगांचा आग्रह ही केवळ अलीकडची आवड नाही. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी तयार करावी लागते. तीन रंगांचे चिन्ह म्हणजे तीन जाळ्या, आणि खोक्यावर तीनदा शाई ओढणे. रबरी शिक्क्याला तर एकच रंग माहीत असतो. तेथे फिकट छटा नसतेच, शाई लागते किंवा लागत नाही. त्यामुळे ज्या चिन्हाचा अर्थ छायेवर किंवा रंगांच्या हळूहळू बदलण्यावर अवलंबून आहे, ते चिन्ह शिक्क्यावर डागासारखे दिसते.

भारतात या कसोटीचे मोठे उदाहरण निवडणूक चिन्हांचे आहे. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारांना उमेदवार ओळखता यावा म्हणून चिन्हांचा वापर झाला. पुढे मतपत्रिकेवर ही चिन्हे काळ्या रेषेत छापली गेली आणि तेवढ्यावर ती ओळखू आली. एका रंगात, लहान आकारात, घाईत पाहणाऱ्याला ओळखू येणे ही बोधचिन्हाची कसोटी संगणकापेक्षा जुनी आहे.

== सूचनेतील शब्द काय करतात ==

अशी प्रतिमाने मोठ्या प्रमाणावर चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांच्या जोड्यांवरून शिकलेली असतात. महाजालावर विक्रीसाठी ठेवलेल्या असंख्य चित्रांच्या शीर्षकात ‘फ्लॅट’, ‘व्हेक्टर’, ‘आयकॉन’, ‘मिनिमल’ हे शब्द असतात. हे शब्द सूचनेत आले की प्रतिमान त्या चित्रांसारख्या दिसण्याकडे वळते. ‘व्हेक्टर’ या शब्दाने संगणकात व्हेक्टर काढण्याची क्रिया सुरू होत नाही. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या चित्रांची चालरीत तेवढी उचलली जाते. त्या चालरीतीबरोबर नको असलेल्या गोष्टीही येतात. ‘लोगो’ म्हटल्यावर कधी चिन्ह एखाद्या व्हिजिटिंग कार्डावर छापून टेबलावर ठेवल्यासारखे दिसते, तर ‘आयकॉन’ म्हटल्यावर एका पानावर बारा-सोळा चित्रांची जंत्री येते.

सूचना इंग्रजीत दिली तर बहुतेक प्रतिमाने ती अधिक नीट समजतात. पहिल्या पिढीतील काही प्रतिमानांचा मजकूर वाचणारा भाग मुख्यतः इंग्रजीवर घडलेला होता. आपल्या मूर्तिशाळेची पहिली सूचना अशी असू शकेल:

```
flat logo mark, seated Ganesha, front view,
three solid colours: vermilion, dark brown, cream,
thick even shapes, plain white background, centred
```

हिच्यात प्रत्येक शब्दाचे काम ठरलेले आहे. शेंदरी, गडद तपकिरी आणि साय-रंग हे तीन रंग नावाने सांगितले आहेत. केवळ ‘थोडे रंग’ म्हटल्याने प्रतिमान स्वतःच्या सवयीचे रंग निवडते. ‘जाड, एकसारखे आकार’ हे शब्द शिक्क्यासाठी आहेत. ‘पांढरी मोकळी पार्श्वभूमी’ आणि ‘मधोमध’ हे शब्द पुढे चित्र कापून घेणे सोपे व्हावे म्हणून आहेत.

सूचनेत नकार घालताना मात्र सावध राहावे लागते. ‘सावली नको’ असे लिहिले तर अनेक प्रतिमाने ‘नको’पेक्षा ‘सावली’ हा शब्द अधिक पक्का धरतात आणि नेमकी सावली काढतात. म्हणून काही साधनांत नकाराची जागा वेगळी असते. स्टेबल डिफ्यूजनमध्ये नको असलेल्या गोष्टी वेगळ्या चौकटीत लिहितात, आणि मिडजर्नीत सूचनेच्या शेवटी `--no shadow, gradient, text` असे जोडतात. या ठिकाणी लिहिलेल्या शब्दांपासून चित्र दूर ढकलले जाते. जेथे अशी सोय नाही तेथे हवे ते होकारार्थी लिहिणे बरे: ‘सावली नको’ऐवजी ‘प्रत्येक आकार एकाच भरीव रंगाचा’.

== पिक्सेल आणि रेषा ==

मिळालेले चित्र बहुधा १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलांचे असते, म्हणजे रंगीत चौकोनी ठिपक्यांची जाळी. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात. तेथे आकाराची कडा बिंदू आणि वक्रांच्या गणिताने सांगितलेली असते, म्हणून ते कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २००१ मध्ये मान्य केलेला SVG हा अशा चित्रांचा खुला मजकुरी साचा आहे. त्यात मोदकाचा एक आकार पुढीलप्रमाणे लिहिता येतो:

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg" viewBox="0 0 64 64">
  <path fill="#C8401E" d="M32 6 C36 22 58 30 58 44
    C58 54 46 58 32 58 C18 58 6 54 6 44
    C6 30 28 22 32 6 Z"/>
</svg>
```

हा मोदक चार बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या चार वक्रांनी पूर्ण होतो. त्याचा रंग एकच आहे, कारण तो एकाच ठिकाणी लिहिलेला आहे. शेंदरी बदलून काळा करायचा तर सहा अक्षरे बदलली की झाले.

प्रतिमानाने काढलेल्या मोदकाची गोष्ट वेगळी असते. डिफ्यूजन पद्धतीची अनेक प्रतिमाने चित्र थेट ठिपक्यांत काढत नाहीत. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्तीत ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलांचे चित्र आत ६४ गुणिले ६४ घरांच्या आक्रसलेल्या रूपात घडते आणि शेवटी उलगडून मोठे केले जाते. एका घराच्या वाट्याला आठ गुणिले आठ ठिपके येतात. या उलगडण्यात सरळ कडा किंचित थरथरते, वर्तुळ अंडाकृतीकडे झुकते आणि भरीव वाटणाऱ्या शेंदरी भागात शेजारशेजारचे ठिपके एकमेकांहून किंचित वेगळे असतात. डोळ्याला हे जाणवत नाही. म्हणूनच मोजून पाहणे आवश्यक ठरते. इमेजमॅजिक या मुक्त साधनात एका आज्ञेने चित्रातील वेगवेगळ्या रंगांची संख्या कळते:

```
magick ganesh.png -format "%k" info:
```

तीन रंग मागितलेल्या चित्रासाठीही हे उत्तर हजारांत आले तर त्यात आश्चर्य नाही. यांतील काही रंग कडेवरचे असतात. दोन रंगांच्या सीमेवर मधल्या छटा असल्या म्हणजे कडा मऊ दिसते, आणि ते सगळ्याच ठिपक्यांच्या चित्रांत घडते. उरलेले मात्र त्या सूक्ष्म डळमळीचे असतात. स्क्रीन छपाई करणाऱ्याला तीन जाळ्या वेगळ्या काढून हव्या असतात. त्याला हजारो रंगांचे चित्र उपयोगाचे नाही.

मापाची अडचणही याच ठिकाणी समोर येते. १०२४ पिक्सेलांचे चित्र छपाईच्या नेहमीच्या दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने सुमारे ८.७ सेंटिमीटर रुंदीपर्यंत नीट छापले जाते. खोक्यावरच्या लहान चिन्हाला ते पुरते. तेच चित्र सहा फूट रुंदीच्या फलकावर ताणले तर एका इंचाला जेमतेम १४ ठिपके येतात, आणि फलक लांबून पाहायचा असला तरी गणपतीच्या सोंडेला पायऱ्या पडलेल्या दिसतात. उलट दिशेला, संकेतस्थळाच्या १६ पिक्सेलांच्या चिन्हासाठी हेच चित्र लहान केले, तर मूळच्या ६४ गुणिले ६४ ठिपक्यांचा एक ठिपका होतो. मूळ चित्रात ४० पिक्सेल जाडीची रेघ असेल तर ती येथे एका ठिपक्यापेक्षाही कमी भरते आणि करड्या डागात विरते.

== ठिपक्यांवरून रेषा काढणे ==

या अडचणीवर प्रचलित उपाय म्हणजे ठिपक्यांच्या चित्राच्या कडा हेरून त्यांवरून व्हेक्टर रेषा काढणे. पीटर सेलिंगर यांचा पोट्रेस हा मुक्त कार्यक्रम हे काम करतो. इंकस्केप या मुक्त चित्रसाधनात ही सोय `Trace Bitmap` या नावाने मिळते. आधी रंग कमी करून घेतले तर परिणाम बराच सुधारतो:

```
magick ganesh.png +dither -colors 4 ganesh4.png
```

येथे तीन रंगांसोबत पांढरी पार्श्वभूमी धरून चार रंग ठेवले आहेत. `+dither` नसेल तर साधन मधल्या छटा भासवण्यासाठी दोन रंगांचे ठिपके एकमेकांत विखुरते, आणि मग रेषा काढताना त्या प्रत्येक ठिपक्याचा वेगळा आकार होतो.

तरीही मिळालेली रेषा हाताने काढलेल्या रेषेसारखी नसते. मोदकाच्या ज्या कडेला चार बिंदू पुरले असते तेथे कित्येक बिंदू येतात, कारण साधनाला मोदक कळत नाही. त्याला थरथरती कडा तेवढी दिसते, आणि ती थरथर तो प्रामाणिकपणे टिपतो. चिन्हाच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या असतीलच असे नाही. ही खोट ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे इंकस्केपमध्ये बिंदू दाखवणारे साधन घेऊन आकारावर टिचकी मारणे. कडेवर बिंदूंची माळ दिसली की ते चिन्ह पुन्हा काढायला हवे. अशा वेळी जाणकार आरेखक प्रतिमानाचे चित्र खालच्या थरावर फिकट ठेवतो आणि त्यावरून स्वतः मोजक्या बिंदूंत आकार काढतो. सममित चिन्ह असेल तर अर्धाच काढून त्याचे प्रतिबिंब घेतो. या कामाला तास-दोन तास लागतात, आणि पुढच्या प्रत्येक छपाईत ते वाचतात.

थेट व्हेक्टर देणारी साधनेही आली आहेत. ॲडोबीने २०२३ मध्ये इलस्ट्रेटरमध्ये मजकुरावरून व्हेक्टर चित्र काढण्याची सोय चाचणी स्वरूपात दिली. अशा साधनांत ठिपक्यांची अडचण उरत नाही, मात्र बिंदूंची नाहक गर्दी आणि एकमेकांवर चढलेले अनावश्यक आकार तेथेही आढळू शकतात.

== देवनागरी अक्षरे ==

बोधचिन्हात नाव हवेच असते, आणि येथे सपाटपणाचा कोणताही शब्द उपयोगी पडत नाही. ‘जिते’ हा लहानसा शब्द त्याचे चांगले उदाहरण आहे. संगणकात तो ज, ि, त, े या क्रमाने साठवला जातो. पडद्यावर मात्र ऱ्हस्व इकाराची वेलांटी ज च्या आधी येते. फॉन्ट वापरून लिहिताना हा बदल अक्षरजुळणीचा कार्यक्रम नियमाने करतो. प्रतिमा काढणारे प्रतिमान फॉन्ट वापरत नाही. ते अक्षरांचे चित्र काढते, जसे ते पानांचे किंवा ढगांचे काढते. त्यामुळे इकार चुकून ज च्या नंतर आला तर नाव ‘जीते’ असे वाचले जाते. शिरोरेषा मध्येच तुटते. त चा आकार न कडे झुकतो. लांबून पाहिले तर सगळे मराठीसारखेच दिसते, म्हणून ही चूक घाईत सुटते. चिन्ह ज्याने पाहिलेले नाही अशा व्यक्तीला, शब्द न सांगता, ते मोठ्याने वाचायला लावणे ही सर्वांत खात्रीची तपासणी आहे. नव्या प्रतिमानांत साधी देवनागरी अक्षरे पूर्वीपेक्षा बरी येतात, तरी जोडाक्षरांवर विसंबता येत नाही.

म्हणून चिन्ह अक्षरांशिवाय काढून घ्यावे आणि नाव इंकस्केपसारख्या साधनात फॉन्टने लिहावे, ही पद्धत रूढ आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याने मिळतात. नाव लिहून झाल्यावर `Object to Path` या आज्ञेने अक्षरांचे आकारांत रूपांतर करावे. नाहीतर छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर तेथे दुसराच फॉन्ट लागतो. मात्र रूपांतराआधीची प्रत वेगळी जपावी, कारण आकार झालेल्या अक्षरांत नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

== आकार कमी, अर्थ कोणता ==

सूचनेतून सोपेपणा मागता येतो, पण काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे मागता येणे कठीण असते. गणपतीच्या चिन्हात ही अडचण ठळक आहे. घरगुती पूजेच्या मूर्ती बहुधा डाव्या सोंडेच्या असतात, आणि उजव्या सोंडेच्या मूर्तीचे सोवळे कडक मानले जाते. डावी-उजवी येथे मूर्तीच्या बाजूने मोजतात. पाहणाऱ्याला डावी सोंड आपल्या उजवीकडे वळलेली दिसते. प्रतिमानाला हा भेद ठाऊक असल्याचे धरता येत नाही, आणि डाव्या-उजव्यात ती तशीही चुकतात. आकार कमी करताना एकदंताचे दोन दात होतात, चार हातांचे तीन उरतात, किंवा हातातला मोदक नुसता गोळा होतो. चित्र दिसायला सुबक असते, आणि ज्याच्या घरी मूर्ती जायची आहे त्याला ते खटकते. सोंड चुकीच्या बाजूला असेल तर चित्र आडवे उलटवून ती दुरुस्त होते, पण मग पूर्वी बरोबर असलेला दात आणि हातांतली आयुधेही बाजू बदलतात, हे पुष्कळदा ध्यानात राहत नाही.

पेणच्या मूर्तीची ओळख तिच्या डोळ्यांच्या आखणीत असते. पापणीची बारीक रेघ, बुबुळाची जागा, नजरेतला भाव यांवरून सरावलेली माणसे मूर्ती कोणत्या हातची हे सांगू पाहतात. सपाट चिन्हात हीच गोष्ट सर्वांत आधी जाते, कारण १६ किंवा ३२ पिक्सेलांत आखणीला जागाच नसते. उरतो तो एक सोंड आणि दोन कान असलेला आकार, जो लग्नपत्रिकेवर, ट्रकवर आणि मिठाईच्या खोक्यावर आधीपासून आहे. मूर्तिशाळेला आपले खोके शेजारच्या कारखान्याच्या खोक्यांपासून वेगळे दिसायला हवे होते. त्या कामी हे चिन्ह कमी पडते.

याउलट, चिन्हाला अर्थ कोठून येतो हे स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हात दिसते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या या अभियानासाठी कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांची कलाकृती निवडली गेली. तिच्यात गांधीजींचा गोल काचांचा चष्मा आहे. एका काचेवर ‘स्वच्छ’ आणि दुसरीवर ‘भारत’ लिहिलेले आहे, आणि दोन काचांना जोडणारा भाग तिरंग्याचा आहे. आकार मोजके आहेत, कडा स्वच्छ आहेत, म्हणजे सपाट सूचनेच्या सर्व अटी तिने पाळल्या आहेत. पण स्वच्छता हा विषय देऊन सपाट चिन्ह मागितले तर झाडू, पान किंवा पाण्याचा थेंब येण्याचा संभव अधिक. चष्मा सुचण्यासाठी गांधीजी आणि स्वच्छता यांचा संबंध ध्यानात घ्यावा लागतो, आणि तो एकदा सुचला की ‘गोल काचांचा चष्मा’ असे सूचनेत लिहिणे अगदी सोपे आहे. तरीही ‘स्वच्छ’ या शब्दातील दोन जोडाक्षरे फॉन्टनेच लिहावी लागली असती.

आपल्या मूर्तिशाळेच्या बाबतीतही सूचनेतील ‘बसलेला गणपती’ हे शब्द बदलून पाहणे लाभाचे ठरते. डोळ्याची आखणी करणारा कुंचला आणि खाली एक जाड पापणी, असे दोनच आकार मागितले तर प्रतिमानाकडून दहा-बारा वेगवेगळ्या मांडण्या पाहायला मिळतात. त्यांतली एखादी मांडणी कागदावर काढून, ३२ पिक्सेलांत लहान करून आणि एकदा निव्वळ काळ्यात छापून तपासता येते. अशा पहिल्या, टाकून देण्याच्या खर्ड्यांसाठी ही साधने खरोखर चांगली आहेत. हाताने तेवढे खर्डे काढायला एक दिवस जाईल.

== नोंदणीची मर्यादा ==

भारतात बोधचिन्हाची नोंदणी व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार होते. ज्या चिन्हाला स्वतःचे वेगळेपण नाही ते कलम ९ नुसार नाकारले जाऊ शकते, आणि आधीच्या नोंदलेल्या चिन्हाशी साम्य असेल तर कलम ११ आड येते. २०१५ मध्ये ‘रामायण’ हे नाव उदबत्तीसाठी वापरण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने धर्मग्रंथाच्या नावावर कोणाचा एकाधिकार मान्य करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. गणपतीच्या साध्या आकृतीबाबतही याच अंगाने हरकत येऊ शकते, म्हणून नोंदणीसाठी भर चिन्हातील वेगळ्या भागावर द्यावा लागतो. प्रतिमानाकडून आलेल्या चिन्हाची आणखी एक जोखीम आहे: तीच सूचना दुसऱ्या कोणी दिली तर त्याला जवळजवळ तसेच चिन्ह मिळू शकते. अर्ज करण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोधसुविधेत मूर्तींच्या वर्गातील चिन्हे पाहून घ्यावी लागतात. अर्जाला चिन्हाची स्पष्ट प्रत जोडायची असते, आणि हाताने पुन्हा काढलेली व्हेक्टर प्रत तेथेही उपयोगी पडते.